बोनसला कर नाही म्हणता, मग विकताना खरेदी किंमत शून्य का?

राजारामपुरीकर
जून 2023 मध्ये 1,200 च्या भावाने घेतलेल्या 100 शेअर्सवर 10 सप्टेंबर 2024 ला एकास एक बोनस मिळाला. 15 जानेवारी 2025 ला सगळे 200 शेअर्स 820 ने विकले. बोनस मिळाला तेव्हा काही उत्पन्न धरायचं का? आणि स्प्लिट असता तर फरक पडला असता का?

गूळबाजार
मिळाला त्या दिवशी काहीच धरायचं नाही. तीस किलोच्या गुळाच्या रव्याचे दोन तुकडे केले म्हणून गूळ साठ किलो होत नाही. स्प्लिटचंही तेच. त्यामुळे 1,20,000 ला 200 ने भागा, भाव 600. नफा 220 गुणिले 200, म्हणजे 44,000. जुन्या शेअर्सना वर्ष उलटलंय, म्हणून सगळा दीर्घकालीन. सव्वा लाखाच्या आत आहे, कर शून्य. विषय संपला.

शाहूपुरी_हिशेब
गुळाचा दाखला पटला, भावा, पण 600 हा भाव फक्त स्प्लिटला चालतो. बोनसमध्ये कंपनीच्या गंगाजळीतली रक्कम भागभांडवलात गेली, कंपनीबाहेर एक रुपयाही गेला नाही आणि भागधारकाचा हिस्साही होता तेवढाच राहिला. म्हणून बोनस मिळताना उत्पन्न नाही. लाभांशात पैसा कंपनी सोडून तुमच्या खात्यात येतो, म्हणून तो त्याच वर्षी उत्पन्नात धरतात.

विकताना मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. स्प्लिटमध्ये जुनाच शेअर लहान होतो, म्हणून किंमत विभागली जाते आणि खरेदीची तारीख जून 2023 चीच राहते. बोनसचा शेअर कायद्याच्या नजरेत नवा आहे. त्याची किंमत शून्य आणि मुदत वाटपाच्या तारखेपासून.

तुमचा हिशेब असा बसतो. डिमॅटमधून आधी आलेले शेअर्स आधी गेले असं धरतात. पहिल्या 100 चे आले 82,000, घातले होते 1,20,000, म्हणजे 38,000 दीर्घकालीन तोटा. उरलेल्या 100 चे 82,000 हा पूर्ण नफा, आणि वाटपाला चारच महिने झालेत म्हणून अल्पकालीन. दीर्घकालीन तोटा अल्पकालीन नफ्यातून वजा होत नाही. त्यामुळे 82,000 वर 20 टक्के, म्हणजे 16,400 आणि वर सेस. स्प्लिट असता तर गूळबाजार म्हणतात तसा कर शून्यच होता.

गूळबाजार
अॅपवर तर सरासरी 600 च दिसतेय! आणि सरासरीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये दालमिया इन्व्हेस्टमेंटच्या खटल्यात मान्य केलाय.

शाहूपुरी_हिशेब
केला होता, खरंय. पण नंतर कायद्यातच शून्य किंमत लिहिली गेली, त्यामुळे आता ती सरासरी चालत नाही. अॅपचा आकडा गुंतवणूक पाहण्यापुरता ठीक. विवरणपत्र भरताना भांडवली नफ्याचा अहवाल उघडा आणि बोनसच्या ओळीत खरेदी शून्य व तारीख वाटपाची आहे का, ते तपासा.

पंचगंगा_काठ
माझ्याकडचे बोनस शेअर्स 2017 चे आहेत. त्यांचीही किंमत शून्य?

शाहूपुरी_हिशेब
नाही. 31 जानेवारी 2018 च्या आधीचे असल्याने त्या दिवशीचा बाजारातला सर्वोच्च भाव धरता येतो, पण विक्रीच्या भावापेक्षा जास्त नाही.

उद्यमनगर
यात अन्याय मला दिसत नाही. 82,000 मधून 38,000 वजा करा, एकूण 44,000 च राहतात. नव्या शेअरसाठी पैसाच घातला नाही, तर किंमत शून्यच असणार.

राजारामपुरीकर
एकूण 44,000 हे कागदावर. मला कर लागतोय 82,000 वर.

उद्यमनगर
तो घाईचा परिणाम आहे. 10 सप्टेंबर 2025 उलटू दिला असता, तर दोन्हीकडचं दीर्घकालीन झालं असतं आणि वजाबाकी होऊन काहीच लागलं नसतं.

शाहूपुरी_हिशेब
थांबायचा सल्ला बरोबर, पण न्यायाचा मुद्दा तसाच राहतो. बाजार एक्स-बोनसच्या दिवशी 1,600 चा भाव 800 वर आणतो, म्हणजे जुन्या शेअरमधलीच किंमत नव्यात गेली. मिळताना ‘नवं काही आलं नाही’ म्हणायचं आणि विकताना ‘हा नवा, फुकटातला’ म्हणायचं, या दोन गोष्टी मला जुळत नाहीत. बोनसच्या आधी तीन महिन्यांत खरेदी करून मुद्दाम तोटा दाखवणाऱ्यांसाठी तो तोटा न धरण्याचा वेगळा नियम आहेच, आणि 2022 च्या अर्थसंकल्पापासून तो शेअर्सनाही लागू आहे. मग जून 2023 पासून थांबलेल्याला त्रास कशाला?

उद्यमनगर
सरासरी आणली तर तारखेचं काय करणार? चार महिन्यांचा शेअर दीर्घकालीन म्हणायचा?

शाहूपुरी_हिशेब
हो, स्प्लिटमध्ये म्हणतोच की. राजारामपुरीकर, तो 38,000 चा तोटा वाया घालवू नका. मुदतीत विवरणपत्र भरलं तर पुढची आठ वर्षं दीर्घकालीन नफ्यातून वजा करता येईल. मुदत चुकली तर तो पुढे नेता येत नाही.