बारीक मराठी अक्षर: कडा मऊ हव्यात की कडक?

ऐरोलीची_खिडकी
ऑफिसात साडेअठरा इंची, १३६६ × ७६८ चा मॉनिटर आहे आणि दिवसभर ब्राउझरमध्ये मराठी अर्जांच्या याद्या तपासते. फाँट स्मूदिंग, म्हणजे अक्षराच्या कडा राखाडी ठिपक्यांनी मऊ करणं, चालू असलं की शिरोरेषा राखाडी, पुसट दिसते. बंद केलं की 'ष', 'क्ष' करवतीने कापल्यासारखे दिसतात, आणि १३ पिक्सेलला बारीक असलेली शिरोरेषा १४ ला एकदम दुप्पट जाड होते. तरी माझं मत, स्मूदिंग बंदच ठेवावं. निदान काळं ते काळं दिसतं. कोणाला पटत नसेल तर कारण सांगा.

नौपाडा_डीटीपी
नाही पटत. विंडोजमध्ये क्लिअरटाइप चालू करा. स्क्रीनच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात. क्लिअरटाइप त्या वेगवेगळ्या वापरतं, म्हणजे स्क्रीन तिप्पट बारीक झाल्यासारखी. मग करवत उरतच नाही.

कळव्याचा_अक्षरकार
दादा, तिप्पट हे बरोबर, पण फक्त आडव्या दिशेने. 'प'चा काना त्याने सुधारतो. शिरोरेषा आडवी आहे, तिची जागा आणि जाडी वर-खाली ठरते, आणि तिथे पट्ट्यांचा काही उपयोग नाही. रोमन अक्षरांत उभे दांडे जास्त, म्हणून तिथे फरक चटकन जाणवतो.

ताई, तुमचं १३-१४ चं कोडं आकड्यांनी सुटतं. मी केलेल्या एका फाँटमध्ये अक्षराची चौकट २०४८ एककांची आहे आणि शिरोरेषा १२३० ते १४०० मध्ये बसते. १४ पिक्सेलला ती बेसलाइनपासून, म्हणजे अक्षराच्या तळरेषेपासून, ८.४१ ते ९.५७ पिक्सेल वर येते. म्हणजे पिक्सेलची नववी ओळ ५९ टक्के भरते आणि दहावी ५७ टक्के. स्मूदिंग असेल तर दोन्ही ओळी अर्धवट राखाडी होतात, हाच तुमचा पुसटपणा. स्मूदिंग नसेल तर पिक्सेलचा मधला बिंदू आत आला की तो पूर्ण काळा. ८.५ आणि ९.५ दोन्ही आत आहेत, म्हणून शिरोरेषा दोन पिक्सेल जाड. १३ ला तीच रेषा ७.८१ ते ८.८९ वर येते, आणि त्यात फक्त ८.५ सापडतो. म्हणून एकच ओळ.

हिंटिंग म्हणजे फाँटमध्येच लिहून ठेवलेली सूचना, की या आकाराला रेषा ओढून नेमकी एका ओळीवर बसव. मग स्मूदिंग चालू ठेवूनही शिरोरेषा काळी राहते आणि 'ष'च्या तिरक्या रेघेची करवतही जाते. दोष स्मूदिंगचा नाही, हिंटिंग नसलेल्या फाँटचा आहे.

वाशी_सेक्टर_१७
माझ्याकडेही सगळं धूसर दिसतं. मॉनिटर १९२० × १०८० चा आहे, पण अक्षर मोठं दिसावं म्हणून मी १३६६ × ७६८ वर ठेवलाय. कुठला फाँट घेऊ?

कळव्याचा_अक्षरकार
तुमचा प्रश्न वेगळा आहे, काका. एक पिक्सेल सुमारे १.४ पिक्सेलवर ताणला जातोय, तिथे चित्रंसुद्धा धूसर दिसतील. मूळ १९२० × १०८० ठेवा आणि डिस्प्ले सेटिंगमधून मजकूर १२५ टक्के करा.

घोडबंदर_सुलेखन
मला हिंटिंगच खटकतं. रेषा ओढून ओळीवर बसवली की अक्षराची उंची बदलते, वळण मोडतं. मॅकवर हिंटिंग पाळतच नाहीत, तिथे अक्षर थोडं मऊ दिसतं पण कागदावरच्यासारखं दिसतं. मी तेच पसंत करेन.

कळव्याचा_अक्षरकार
दाट पिक्सेलच्या पडद्यावर तुमचं म्हणणं मान्य. ताईंच्या पडद्यावर इंचाला जेमतेम ८५ पिक्सेल आहेत. तिथे 'ष' आणि 'प' वेगळे ओळखू येणं मला वळणापेक्षा मोठं वाटतं. शिवाय फक्त वर-खाली ओढायचं, आडवं अंतर जसंच्या तसं ठेवायचं, असं सौम्य हिंटिंगही असतं. लिनक्सवर फाँटकॉन्फिगमध्ये ते `hintslight` नावाने मिळतं.

घोडबंदर_सुलेखन
उंची तरी बदललीच ना? 'म' आणि 'भ' हे गाठीवरून ओळखायचे, आणि ती गाठच दाबली जाते. मला नाही पटलं.

नौपाडा_डीटीपी
पण कुठल्या फाँटला हिंटिंग आहे हे गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं?

कळव्याचा_अक्षरकार
स्क्रीनशॉट काढा आणि पेंटमध्ये ८०० टक्के मोठा करा. शिरोरेषेत दोन राखाडी ओळी दिसल्या तर रेषा ओळीवर बसलेली नाही. उभ्या दांड्यांच्या कडेला लालसर-निळसर झाक दिसली तर क्लिअरटाइप चालू आहे. स्वतः फाँट करत असाल तर `ttfautohint` हा मोफत प्रोग्राम देवनागरीची शिरोरेषाही सांभाळतो.

ऐरोलीची_खिडकी
आत्ताच करून पाहिलं. १४ ला खरंच दोन राखाडी ओळी निघाल्या. १३ ला एक गडद आणि खाली एक अगदी फिकी. निर्मला यूआय फाँट लावला, स्मूदिंग चालू केलं, आणि शिरोरेषा सरळ दिसली. मी माझं मत बदलते. पण 'पट्टू'सारख्या जोडाक्षराचा अजून गोळाच होतो.

कळव्याचा_अक्षरकार
तो होणारच. एकाखाली एक दोन 'ट', त्याखाली ऊकार, आणि एवढ्या सगळ्याला मोजून दहा-बारा ओळी. हिंटिंग असलेल्या ओळी नीट वाटून देतं, नसलेल्या कुठून आणणार? त्या यादीपुरता १६ पिक्सेल ठेवून बघा.