मीडियनसाठी अख्खी यादी सॉर्ट करायची की क्विकसिलेक्ट वापरायचं?

घाटमाथा: रोज रात्री लॉगमधून साधारण दहा लाख रिस्पॉन्स टाइम येतात, पूर्ण मिलिसेकंदांत. मला मीडियन आणि सगळ्यात संथ दहा रिक्वेस्ट हव्यात. मी सरळ `sorted()` करतो. टीममधला एक जण म्हणतो, क्विकसिलेक्ट लिही. खरंच गरज आहे का?

रातराणी: आहे. मधला एक आकडा हवा असताना बाकी सगळ्यांचा क्रम लावणं म्हणजे फुकटचं काम. ही यादी बघा: 42, 17, 88, 23, 61, 9, 35, 70, 54. नऊ आकडे, म्हणजे लहानापासून पाचवा हवा. पिव्हट 61 धरला तर त्याहून लहान सहा निघतात आणि मोठे दोन, 88 आणि 70. पाचवा त्या सहांतच असणार, म्हणून 61, 88, 70 यांच्याकडे पुन्हा बघायचंच नाही. उरलेल्या सहांत पिव्हट 23. त्याहून लहान दोन, 17 आणि 9. म्हणजे 23 तिसरा ठरला आणि आता 42, 35, 54 यांतला दुसरा शोधायचा. पिव्हट 42 घेतला की काम संपलं. एकूण तुलना पंधरा. 70 आणि 88 मध्ये मोठा कोण, हे आपण विचारलंसुद्धा नाही.

टोनी होअर यांनी हे 1961 मध्येच FIND या नावाने मांडलं. क्विकसॉर्टमध्ये दोन्ही भागांत उतरावं लागतं, इथे एकाच. दहा लाखांच्या मीडियनला सरासरी 34 लाख तुलना लागतात, साध्या क्विकसॉर्टला अडीच कोटींच्या आसपास.

नोंदवही: तुलना मोजून रात्रीचा जॉब वेगाने संपत नाही. `sorted()` आतून C मध्ये चालतो. पायथनच्या लूपमध्ये हाताने क्विकसिलेक्ट लिहिलं तर कमी तुलना करूनही ते बहुधा मागेच पडेल. शिवाय उद्या बॉस p90, p95, p99 मागणार. एकदा सॉर्ट केलं की हे सगळे नुसत्या इंडेक्सने मिळतात. चालू कोडला हात लावू नका.

कट्टेकरी: दोघंही उगाच भांडताय. हीप घ्या, `heapq.nlargest(10, t)`. दहा जागांचा हीप, एक फेरी, विषय संपला. मीडियनही तसाच काढा.

रातराणी: वरच्या दहांसाठी अगदी बरोबर. डेटा मेमरीत मावत नसेल तर तोच मार्ग. पण मीडियनसाठी हीपमध्ये पाच लाख आकडे ठेवावे लागतील, म्हणजे खर्च पुन्हा सॉर्टच्या घरात गेला.

पाणवठा: आमच्याकडे पंपाच्या सेन्सरचं रीडिंग दर सेकंदाला येतं आणि दर वेळी नवा मीडियन लागतो. क्विकसिलेक्ट लावू का?

रातराणी: नको, दर सेकंदाला सगळं पहिल्यापासून करावं लागेल. सुरुवातीपासूनच्या सगळ्या रीडिंगचा मीडियन हवा असेल तर दोन हीप ठेवा, लहान अर्धे एकात, मोठे अर्धे दुसऱ्यात. धाग्यातला प्रश्न वेगळा आहे, तिथे यादी पूर्ण आलेली आहे.

शेवटचा_बाक: खरा धोका कुणी बोललंच नाही. पूर्ण मिलिसेकंद म्हणजे हजारो रिक्वेस्टचा वेळ सारखाच, 12 म्हटलं की 12 च. बहुतेक ट्युटोरियलमधलं पार्टिशन `<` बघून फक्त दोन भाग करतं. सगळे आकडे सारखे असतील तर दर फेरीत एकटा पिव्हट गळतो आणि काम n² वर जातं. पिव्हट रँडम निवडूनही हे सुटत नाही. ओळखायची खूण अशी: वेगवेगळ्या आकड्यांवर टेस्ट झटकन संपते आणि खऱ्या लॉगवर जॉब लटकतो. उपाय म्हणजे लहान, समान, मोठे असे तीन भाग करायचे. हवा तो क्रमांक समान भागात पडला की तिथेच थांबायचं.

म्हणूनच हाताने लिहू नका. NumPy मध्ये तयार आहे, आणि फेऱ्या वाया जायला लागल्या की ते स्वतःच पिव्हट निवडायची पद्धत बदलतं:

```python
n = len(t)
m = n // 2
p = np.partition(t, [m - 1, m])
median = (p[m] + p[m - 1]) / 2   # n सम असेल तर
slow = np.argpartition(t, n - 10)[n - 10:]
```

`slow` मध्ये इंडेक्स येतात, म्हणजे कोणती रिक्वेस्ट ते कळतं. मात्र त्या दहांचा आपसांतला क्रम लागलेला नसतो, तो नंतर लावा.

घाटमाथा: NumPy आहेच आमच्याकडे. पण p99 पुढच्या महिन्यात नक्की मागतील.

शेवटचा_बाक: मग `partition` ला त्या जागांचीही यादी द्या, एकाच कॉलमध्ये होतं.

नोंदवही: आणि त्यानंतर कुणी p99.9 मागितलं की ती यादी पुन्हा बदला. लॉग वाचायला आणि पार्स करायलाच सॉर्टपेक्षा जास्त वेळ जात असणार. आधी तो मोजा, मग बोलू.

रातराणी: मोजा, हरकत नाही. पण एका ओळीचा बदल आहे, तो का टाळायचा ते मला अजून पटलेलं नाही.