घरात दम्याचा त्रास असलेलं मूल आहे, उदबत्ती कोणती घ्यावी?

मुग्धा_कोथरूड
नमस्कार मंडळी, माझा मुलगा ६ वर्षांचा आहे, त्याला बालदमा आहे आणि इनहेलर चालू आहे. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्या सकाळी ४ आणि संध्याकाळी ४ उदबत्त्या लावतात, देवघर हॉलमध्येच, वन बीएचके आहे. उदबत्ती पूर्ण बंद करा असं मी त्यांना सांगणार नाही, त्यांची ती आयुष्यभराची सवय आहे. पण दुकानात बघावं तर प्रत्येक पाकिटावर नॅचरल, ऑरगॅनिक, चारकोल फ्री लिहिलेलं असतं, त्यातलं खरं काय आणि कोणाची घ्यावी? गणपतीच्या आधी बदलायचंय. कापूर आणि कुंकवाचंही सांगा.

अनिरुद्ध_के
सरळ कोळसा नसलेली घ्या. सगळा घोळ त्या काळ्या कोळशाच्या भुकटीचा आहे. आणि बांबूची काडीही नको, बांबू जाळू नये असं आपल्यात म्हणतातच, त्यातून शिसं बाहेर पडतं. बिनकाडीचे धूप लावा, प्रश्न मिटला. आम्ही सायकल वापरतो, त्यांच्या बॉक्सवर झिरो कार्बन लिहिलेलं आहे म्हणजे कोळसा नाहीच.

बत्तीवाला_सोलापूर
ताई, माझा कच्ची बत्ती आणून सेंट मारायचा धंदा आहे, वडिलांपासून, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

अनिरुद्धदादा, झिरो कार्बनचा अर्थ वेगळा आहे. कंपनीच्या कारखान्यातून, वाहतुकीतून जो कार्बन हवेत जातो त्याचा हिशोब त्यांनी भरून काढलाय, त्याचं ते सर्टिफिकेट. बत्तीत कोळसा आहे का नाही हे त्यावरून कळत नाही. म्हैसूरची जुनी कंपनी आहे, १९४८ ची, माल चांगला असतो, पण त्या शब्दाचा हा अर्थ काढू नका. बांबू आणि शिशाचं म्हणाल तर ते व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरतं. काडी जळते, तिचा धूर होतो, तो लाकडाच्या धुरासारखाच.

आता कोळशाचं. कच्ची बत्ती म्हणजे बांबूची काडी, तिच्यावर कोळसा पावडर, लाकडाचा भुसा आणि चिकटायला जिगट पावडर, ती एका झाडाच्या सालीची असते. कोळसा म्हणजे आधीच जळालेलं लाकूड, म्हणून तो स्वतः कमी धूर देतो. कोळसा काढून नुसता भुसा घातला तर बरेचदा धूर वाढतोच. म्हणून चारकोल फ्री वाचून खूश होऊ नका, मुलाच्या छातीला कोळसा आहे का भुसा हे कळत नाही, धुराचे कण किती गेले तेवढंच कळतं. सुगंधाचं तेल हा दुसरा आणि माझ्या मते मोठा भाग. स्वस्त मालात एक लिटर सेंटच्या कंपाउंडला पातळ करायला तीन-चार लिटर डीईपी नावाचं रसायन नाहीतर व्हाइट ऑइल घालतात आणि कच्ची बत्ती त्यात बुडवून वाळवतात. डीईपी पटकन जळत नाही, निखारा पोचायच्या आधीच तापून पांढऱ्या धुरातून बाहेर येतो, तो घसा खवखवणारा धूर बहुतेक त्याचा असतो.

घरी कसं ओळखायचं? बत्ती टिश्यूपेपरवर पाच-सात वेळा घासून बघा, तेलकट डाग पडला की बुडवलेली आहे. पाकीट न उघडताच वास नाकात भरतो आणि पेटवल्यावर मात्र तो वास मागे पडून जळका वास येतो, तेही लक्षण. आडवी मोडून बघा, बाहेरून तपकिरी आणि आतून काळी दिसली तर कोळशावर भुसा फिरवलेला आहे. राख पांढरी पडली म्हणजे शुद्ध, हे मात्र खोटं, चुन्याची भुकटी घातली तरी राख पांढरी पडते.

अनिरुद्ध_के
कोळशाबद्दल हे माहीत नव्हतं. पण आमच्या डॉक्टरांनीच सांगितलेलं की कोळशामुळे कार्बन मोनॉक्साइड होतो, ते तर खोटं नाही ना?

बत्तीवाला_सोलापूर
खोटं नाही, होतोच. खिडकी बंद असलेल्या खोलीत ते लागू आहे. फक्त भुश्याच्या बत्तीतही होतो, कुठलीही गोष्ट धुमसत जळाली की होतो.

शैलाकाकू
मी गेली कित्येक वर्षं भीमसेनी कापूरच लावते, उदबत्ती नाहीच. शुद्ध कापूर ताटलीत जाळला की काही उरत नाही, मेणासारखं राहिलं तर भेसळ. तुम्ही कापूरच लावा बरं, जंतू मरतात, हवा शुद्ध होते, मुलालाही बरं वाटेल.

डॉ_नेहा_नाशिक
शैलाकाकू, मेणाची भेसळ त्यातून कळते हे बरोबर, पण टर्पेंटाइनपासून बनवलेला कारखान्यातला कापूरही असाच काही न उरता जातो, त्यामुळे भीमसेनी खरा का ते यावरून ठरत नाही. आणि दम्याच्या मुलाजवळ कापूर जाळू नका, त्याचाही धूर असतोच आणि उग्र वासानेच काहींना अटॅक येतो. त्याहून महत्त्वाचं, भीमसेनीचे खडे खडीसाखरेसारखे दिसतात, एखाद-दुसरा पोटात गेला तरी मुलाला फीट येऊ शकते, डबा वर ठेवा.

मुग्धा, मी छातीची डॉक्टर नाही, पण रेस्पिरेटरीत काम केलंय. अभ्यासांमध्ये एक आकडा बऱ्याचदा येतो की एक ग्रॅम उदबत्ती जळाली तर साधारण ४५ मिलिग्रॅम कण बाहेर पडतात आणि एक ग्रॅम सिगारेटमागे १० च्या आसपास. म्हणजे ब्रँड कुठलाही असो, आधी संख्या कमी करा. एका बत्तीवर एक ग्रॅम जळणारा माल धरला तर तुमच्या ८ बत्त्यांचे दिवसाला ८ ग्रॅम झाले. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी अर्धी मोडून लावली तर एक ग्रॅमवर आलात, ब्रँड बदलण्यापेक्षा हा फरक कितीतरी मोठा. मुलगा बाहेर खेळायला किंवा शाळेत गेलेला असताना, खिडकी उघडी ठेवून लावा.

निनाद_शारजा
आमच्याकडे दुबईच्या मॉलमध्ये पंढरपूरची उदबत्ती मिळते का कोणी सांगेल का, गावाहून आई आणायची ती संपली.

बत्तीवाला_सोलापूर
निनाद, तो धागा वेगळा काढा, इथे ताईंचा प्रश्न राहू द्या.

ताई, आता कंपन्या. कानपूरचं फूल आहे, मंदिरातली फुलं गोळा करून त्याची भुकटी वापरतात, कोळसा नाही असं ते सांगतात. पाकिटावर घटक लिहिलेत का बघून घ्या, महाग आहे, पण अर्धी-अर्धी लावणार असाल तर परवडेल. सायकल आणि आयटीसीचं मंगलदीप यांच्यात बरेच प्रकार येतात, एकाच कंपनीच्या दहा रुपयांच्या पाकिटाची आणि प्रीमियम मालाची तुलना होत नाही, त्यामुळे ब्रँड न बघता प्रकार बघा. मसाला बत्ती शोधा, म्हणजे सुगंधाच्या वनस्पती, रेझिन पिठातच मळलेलं असतं, वरून बुडवत नाहीत. ती हाताला जरा मऊ लागते.

आणखी एक गोष्ट, बीआयएसने २०२५ च्या शेवटी उदबत्तीसाठी आयएस १९४१२ हे नवं मानक आणलं. त्यात अ‍ॅलेथ्रिन, परमेथ्रिन, फिप्रोनिल अशी कीटकनाशकं आणि बेंझिल सायनाइडसारखी काही सुगंधी रसायनं वापरू नयेत असं आहे. पाकिटावर आयएसआय मार्क दिसला तर त्याला पसंती द्या. मच्छर पळवणारी स्वस्त अगरबत्ती घरात आणूच नका, त्यात कीटकनाशक असतं, त्याला सीआयबी म्हणजे केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी नंबर आणि रंगीत त्रिकोण लागतो, तो नसला तर सोडा. डीईपी-फ्री लिहिलेलं खरं का ते बाहेरून मलाही सांगता येत नाही, ते लॅबचं काम.

मुग्धा_कोथरूड
सगळ्यांचे आभार. टिश्यूवर घासून बघितली, आमच्या पाकिटाचा गोल डाग पडला. सासूबाईंना अर्धी-अर्धीचं सांगितलं, त्या म्हणतात मोडलेली बत्ती देवाला चालत नाही. यावर कोणी काय करतं?

शैलाकाकू
बाजारात आखूड बत्त्या मिळतात गं, लहान पाकिटात. मोडायचा प्रश्नच नाही, मूळचीच लहान. त्या देऊन बघ. कुंकू मात्र हळदीचंच घे, करमाळ्याजवळच्या केमचं मिळालं तर बघ, पण नाव वाचून नाही, दुकानदाराला विचारून, चुन्यात मळलेल्या हळदीचं आहे का म्हणून.

डॉ_नेहा_नाशिक
आखूड बत्ती चांगली आयडिया. आणि देवघर खिडकीजवळ हलवता येईल का, हॉलच्या मध्ये आहे का?