अनुभव धागा: पार्सलमधली आभाराची चिठ्ठी

हळद, पापड, ठेचा असं घरचं काही पार्सलने पाठवता, तेव्हा आतल्या चिठ्ठीत काय लिहिता? त्यावरून ऑर्डर परत येते का? मजकूर जसाच्या तसा टाका.

हळदवाली, वर्धा जिल्हा: आम्ही वायगावची हळद पाठवतो. चिठ्ठीत आभार एकाच ओळीत, बाकी सगळं कामाचं. ‘हळद यंदाची, घरी उकळून वाळवलेली. रंग गडद आहे, भाजीत नेहमीपेक्षा थोडी कमीच घाला. कोरड्या बरणीत ठेवा. नवा माल गुढीपाडव्यानंतर. वापरून पाहिल्यावर जसं वाटलं तसं लिहा, कमी पडलं असेल तर तेही.’ ‘कमी घाला’ हे लिहायला लागल्यापासून ‘भाजी कडवट झाली’ ही तक्रार जवळजवळ थांबली. आणि पाडवा आला की ‘ताई, हळद आली का?’ असे मेसेज सुरू होतात. ती ऑर्डर आभारामुळे नाही, तारखेमुळे येते, असं माझं मत.

पापडवाला भाऊ: आमची सोपी. ‘5 स्टार द्या, फोटो पाठवा, पुढच्या ऑर्डरवर 50 रुपये सूट.’ सूट आपल्या खिशातून देतो, त्यात वावगं काय?

खातं सांभाळणारा, अमरावती: भाऊ, माल मोठ्या साइटवर विकत असाल तर ही चिठ्ठी आजच काढा. अ‍ॅमेझॉनच्या नियमात रिव्ह्यूच्या बदल्यात सूट, भेट, पैसे काहीच चालत नाही, स्टार कितीही मागा. ‘आवडलं तर रिव्ह्यू, नाही आवडलं तर आम्हाला फोन’ हेही नाही, कारण त्यात नाराज माणूस बाजूला काढला जातो. खातं बंद होऊ शकतं. साइटच्या ग्राहकाला चिठ्ठीतून आपल्या नंबरावर वळवणंही बसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ऑर्डरीत सूट खुशाल द्या, फक्त ती रिव्ह्यूशी जोडू नका.

पापडवाला भाऊ: काहून? सगळेच तर करतात!

नागपूरची गिऱ्हाईक: मी विकत घेणारी. मागवलेल्या ठेच्याची बरणी फुटून आली, चिठ्ठी तेलात भिजलेली. वाचता आलं ते एवढंच, ‘आपला विश्वास’. हसू की रडू!

हळदवाली: ताई, तो पॅकिंगचा प्रश्न, पण चिठ्ठीलाही लागू आहे. आम्ही ती वेगळ्या छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत, बॉक्स उघडल्या उघडल्या दिसेल अशी ठेवतो. बॉलपेनने लिहितो, शाईचं अक्षर ओलाव्याने पसरतं.

पोस्टाजवळचा, यवतमाळ: हाताने लिहिलेलीच लोक जपून ठेवतात, छापील कोणी वाचत नाही.

खातं सांभाळणारा: दिवाळीत लिहून दाखवा मग! नाव तेवढं हाताने, बाकी छापील, एवढं जमतं.

पापडवाला भाऊ: बरं, माझ्या गठ्ठाभर छापून पडल्या आहेत, सूटवाल्या. खालची ओळ कात्रीने कापली तर चालेल का?