मदत हवी आहे : दख्खन दंगे आयोगाच्या उताऱ्यावर 6 गुण कसे विभागावेत?

अकरावीच्या चाचणीत दख्खन दंगे आयोगाच्या अहवालातला छोटा उतारा दिलाय. 1875 च्या मे महिन्यात सुप्यात रयतेने सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. उताऱ्यात आयोग म्हणतो की याला सरकारी सारा कारणीभूत नाही, दोष सावकारांचा.

प्रश्न एकच : 'रयतेच्या असंतोषाची कारणे समजण्यासाठी हा उतारा कितपत उपयोगी आहे?'

आधी मी 2+2+2 केलं : उताऱ्यातला मजकूर, बाहेरचा संदर्भ (1865 नंतर कापसाचे भाव पडले, त्यातच वाढीव सारा), आणि विश्वासार्हता. सहकाऱ्याबरोबर दहा पेपर वेगवेगळे तपासले. पहिले दोन भाग जुळले, तिसऱ्यात गाडी अडली. 'आयोग इंग्रजांचा, म्हणून पक्षपाती' एवढ्या एका ओळीला त्याने 2 दिले, मी 0. (असं वाक्य कुठल्याही उताऱ्याला चिकटतं!) उलट एकीने लिहिलं : सारा ठरवणारं सरकारच आयोग नेमतं, तेव्हा साऱ्याबद्दलचा निष्कर्ष जपून घ्यावा, पण आयोगाने रयतेच्या जबान्या नोंदवल्या, त्या कामाच्या. तिचा बाहेरचा संदर्भ मात्र कोरा, त्यामुळे एकूण 4 च.

मग स्तर करून पाहिले : 1-2, 3-4, 5-6. तिथे 4 की 5 यावरच वाद.

अर्धा गुण देता येत नाही, तपासणारे तिघे, आणि प्रश्न छापून गेलाय. तर मुद्द्यांचे 4 गुण ठेवून फक्त विश्वासार्हतेच्या 2 गुणांना स्तर लावले तर चालेल का? आणि त्या एका ओळीला 1 द्यावा की 0?