फारसी नोंदींतले ‘अरबी ये’ : मूळ डेटा धुवायचा की फक्त शोध सुधारायचा?

निशिगंध
दुबईतल्या एका इराणी पुस्तकविक्रेत्याच्या यादीचं काम माझ्याकडे आहे. नोंदी बऱ्याच जणांनी, बऱ्याच वर्षांत, वेगवेगळ्या कीबोर्डांवरून केल्यात. गिऱ्हाईक फोनवरून लेखकाचं नाव کریمی असं टाकतं आणि उत्तर येतं शून्य. पुस्तक तर यादीत आहे! शिवाय तेच शीर्षक कुठे स्पेस देऊन, कुठे नीमफासल्याने, म्हणजे जागा न सोडता अक्षरं सुटी ठेवणाऱ्या न दिसणाऱ्या खुणेने, कुठे सलग. माझं फारसी अक्षरओळखीपुरतं. मी म्हणतो, एकदाच स्क्रिप्ट चालवून सगळं धुऊन काढावं. सहकारी म्हणतो, मूळ नोंदीला हात लावू नकोस. कोणाचं बरोबर?

तात्या_दुरुस्ते
तुझं. चुकीचा डेटा ठेवून वर शोधाची मलमपट्टी करत बसलास तर उद्या तीच नोंद बिलात, परवा छापील कॅटलॉगमध्ये, तेरवा दुसऱ्या कुणाच्या सिस्टिममध्ये जाणार. प्रत्येक ठिकाणी पुन्हा मलमपट्टी. घाण जिथे आहे तिथेच साफ करायची. बॅकअप घे आणि चालव.

जालिंदर
हे आपल्याकडेही आहे! ‘दर्‍या’ आणि ‘दऱ्या’ दिसायला सारखेच, शोधताना मात्र वेगळे. रफार आणि अर्ध्या ‘र’ची भानगड. फॉन्ट बदलून बघा, माझ्याकडे फॉन्ट बदलल्यावर चौकोन जाऊन नीट दिसू लागलं होतं.

रेघोट्या
जालिंदरराव, त्यांना नीट दिसतंय, हीच तर अडचण आहे. फॉन्ट बदलून आतलं अक्षर बदलत नाही.

मी काही वर्षं फारसी मजकुराची मुद्रितशोधनं केली आहेत, म्हणून जरा खोलात जाते. आधी एक नाव उघडून बघा:

```python
for c in "كريمي": print(hex(ord(c)))
# 0x643 0x631 0x64a 0x645 0x64a
for c in "کریمی": print(hex(ord(c)))
# 0x6a9 0x631 0x6cc 0x645 0x6cc
```

पहिलं अरबी कीबोर्डवरचं, दुसरं फारसी. पाचांपैकी तीन अक्षरं वेगळी. तरी डोळ्यांना काय दिसतं? सुरुवातीचा काफ पुढच्या अक्षराला जोडला गेला की बहुतेक फॉन्टांत सारखाच. मधल्या ‘ये’ला दोन्हीकडे खाली दोन नुक्ते. फरक उरतो फक्त शेवटच्या ‘ये’त: अरबीत तिथेही नुक्ते, फारसीत नाहीत. काही इराणी फॉन्ट तर अरबी ‘ये’सुद्धा शेवटी बिननुक्त्याचाच काढतात, म्हणजे तेवढी खूणही गेली. आणि ایران घेतलं तर कुठल्याच फॉन्टात काही कळणार नाही, कारण त्यातला ‘ये’ शेवटी येतच नाही.

टंकणाऱ्याचा यात फारसा दोष नाही. दोन्ही लेआउटांवर ही अक्षरं त्याच कळांवर बसतात, ‘ये’ D वर आणि काफ अर्धविरामाच्या कळीवर. बोटांना फरक कळत नाही. विंडोजच्या जुन्या 1256 कोडपेजमध्ये फारसी ‘ये’ला जागाच नव्हती, त्यामुळे त्या काळातला फारसी कीबोर्डही अरबी ‘ये’च द्यायचा. इराणचं मानक कीबोर्डासाठी 2007 मध्ये आलं (ISIRI 9147), आणि विंडोज 8 पासून ‘Persian (Standard)’ नावाने तो लेआउट मिळतो. त्याआधीच्या नोंदी बघाल तर अस्सल इराणी माणसाने टंकलेल्यांतही ही अक्षरं सापडतील.

संगणकमित्र
एवढं पुराण कशाला? युनिकोडचं नॉर्मलायझेशन याच कामासाठी आहे. NFKC लावा, दोन्ही रूपं एक होतात. एका ओळीचं काम.

रेघोट्या
अर्धं बरोबर. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात अक्षरांची जोडरूपं सुटी येतात, ﮐ सारखी. NFKC ती मूळ अक्षरावर आणतं, तेवढ्यासाठी जरूर लावा. पण ي आणि ی ही युनिकोडच्या हिशोबी दोन स्वतंत्र अक्षरं आहेत, त्यांना कुठलंही नॉर्मलायझेशन एक करत नाही. आणि ते बरोबरच आहे. अरबीत علي म्हणजे अली आणि على म्हणजे ‘वर’. फक्त दोन नुक्त्यांचा फरक. दोन्हींचा ی केलात तर अरबी वाक्य मोडलं.

संगणकमित्र
चालवून पाहिलं. नाही होत. ठीक.

तात्या_दुरुस्ते
म्हणजे अक्षरांचा तक्ता करून बदला. त्यात अवघड काय? दुकान इराणी, पुस्तकं फारसी.

निशिगंध
अरबी पुस्तकंही आहेत हो, धार्मिक विभागात. आणि फारसी पुस्तकांची शीर्षकंही कधी कधी अख्खी अरबी असतात.

तात्या_दुरुस्ते
मग भाषेचा रकाना बघून बदला. फारसी असेल तर बदल, नाही तर सोड.

रेघोट्या
शीर्षक अरबी आणि पुस्तक फारसी असेल तिथे भाषेचा रकाना फसवतो. तरी अक्षरांपुरतं मी तात्यांच्या बाजूची आहे: लेखक, प्रकाशक, फारसी शीर्षकं यांत काफ आणि ये मुळातच बदला, अरबी वाटणारी शीर्षकं डोळ्यांखालून घाला. शीर्षकात ‘ال’ने सुरू होणारे शब्द गाळून घेतले तरी बरीचशी हाती लागतील.

नीमफासल्याला मात्र यंत्राने हात लावू नका. तिथे तुमच्या सहकाऱ्याचं बरोबर आहे.

तात्या_दुरुस्ते
का? नियम तर साधा आहे. می नंतर स्पेस असेल तर तिथे नीमफासला. ها आणि تر यांच्या आधी तसंच. मी नेटवर तयार रेग्युलर एक्स्प्रेशन पाहिलं आहे.

रेघोट्या
मीही पाहिलं आहे, आणि त्याने केलेली नासधूसही निस्तरली आहे. می خواهم ला می‌خواهم केलं, छान, क्रियापद दुरुस्त झालं. पण می हा स्वतंत्र शब्दही आहे, मद्य. पुस्तकविक्रेत्याच्या यादीत अभिजात काव्य असणारच, आणि तिथे می शिवाय पान हलत नाही. می ناب म्हणजे अस्सल मद्य. तुमचा नियम त्याचं می‌ناب करणार, ज्याला काही अर्थच नाही. تر चं तेच: بزرگ‌تر म्हणजे अधिक मोठा, पण چوب تر म्हणजे ओलं लाकूड. नियम लावला की ‘अधिक लाकूड’ झालं. वाचणारा इराणी हसेल, आणि मूळ नोंद पुसली गेलेली असेल.

काफ-येचं तसं नाही. तिथे फारसी शब्दात एकच बरोबर उत्तर असतं. इथे उत्तर शब्दावर ठरतं, आणि کتابها की کتاب‌ها यावर तर छापील पुस्तकांतही दोन्ही दिसतं. तुम्ही कोणतं ‘दुरुस्त’ म्हणणार?

शबाना_संभाजीनगर
मी फारसीत एमए करतेय, इकडे आम्ही बहुतेक सगळे उर्दू कीबोर्डवरूनच फारसी टंकतो. उर्दूचा ی आणि ک फारसीवालाच असतो ना? तरी मला इराणी साइटवर نامہ शोधलं की काही मिळत नाही. म्हणजे हा प्रश्न फक्त अरबी कीबोर्डचा नाही. बाकी दख्खनच्या फारसी कागदांवर काम करणाऱ्या आमच्या सरांचंही हेच रडगाणं असतं.

रेघोट्या
तुझा ये आणि काफ बरोबर, चुकतोय तो शेवटचा ‘हे’. उर्दू कीबोर्ड ہ देतो, U+06C1. फारसीत हवा ه, U+0647. शब्दाच्या शेवटी दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात. निशिगंध, तुमच्या यादीत भारतातल्या कुणी नोंदी केल्या असतील तर हाही सापडेल.

निशिगंध
आहे! केरळच्या एका मुलाने वर्षभर नोंदी केल्या होत्या, त्यात हा ہ भरपूर आहे. आणि एक विचित्र चिन्हही दिसतंय, शब्दांच्या मधोमध ¬ असं. हे काय?

रेघोट्या
ते वर्डचं देणं. नीमफासल्याची कळ माहीत नसली की लोक वर्डमध्ये Ctrl आणि - दाबायचे. ते खरं तर शब्द ओळीच्या टोकाला तोडण्याचं ऐच्छिक चिन्ह. पडद्यावर काही दिसत नाही, अक्षरं मात्र सुटी होतात, टंकणारा खूश. तिथून कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की ¬ बनून वर येतं. फारसी शब्दाच्या पोटात ¬ दिसला तर तिथे नीमफासलाच हवा होता, हे मुळात बदलायला हरकत नाही. तसंच लागोपाठ दोन नीमफासले, किंवा स्पेसला चिकटलेला नीमफासला, तेही बिनधास्त काढा. trim केलं म्हणून टोकाचा नीमफासला जाईल असं समजू नका, U+200C ही स्पेस धरली जात नाही.

सगळ्यात छुपा प्रकार ر, د, و, ا यांच्या नंतरचा. ही अक्षरं पुढच्याला जोडलीच जात नाहीत, त्यामुळे کارها आणि کار‌ها यांत डोळ्यांना काहीच कळत नाही. आत एक खूण जास्त, शोध कोरा.

निशिगंध
मग स्पेस, नीमफासला, सलग हे तिन्ही एकत्र सापडायचे कसे?

रेघोट्या
शोधासाठी वेगळा रकाना. तो कुणाला दाखवायचा नाही, त्यामुळे त्यात शुद्धलेखनाची पर्वा नको.

```python
M = {0x643: 0x6A9, 0x64A: 0x6CC, 0x649: 0x6CC, 0x6C1: 0x647}

def key(s):
    s = s.translate(M)
    for x in ("\u200c", "\u00ac", " "):
        s = s.replace(x, "")
    return s
```

गिऱ्हाईकाने टाकलेलं नावही याच चाळणीतून काढा. می خواهم, می‌خواهم, میخواهم तिन्हींची किल्ली एकच निघते. स्पेस काढून टाकणं शीर्षक आणि नावापुरतंच चालेल. पुस्तकाच्या आतल्या मजकुरात हे केलंत तर शब्दच उरणार नाहीत.

संगणकमित्र
हात कशाला घालायचा, लुसीन या शोधाच्या लायब्ररीत फारसी ॲनालायझर तयार आहे. तो ये, काफ, उर्दू हे, सगळं बघतो.

रेघोट्या
बघतो, आणि गंमत म्हणजे तो फारसी ये-काफचं अरबी करतो, उलट दिशेने. शोधापुरतं दोन्ही बाजू एकच झाल्या की दिशा कुठलीही चालते. नीमफासल्याची तो स्पेस करतो. त्यामुळे می‌خواهم आणि می خواهم जुळतात, पण सलग लिहिलेलं میخواهم बाहेरच राहतं. फोनवरून टंकणारी माणसं नेमकं सलगच लिहितात.

तात्या_दुरुस्ते
सगळं वाचलं. तरी मला पटत नाही. दोन रकाने ठेवलेत की कुणीतरी एक बदलायचा विसरतो. शोध जमला म्हणून आळस येणार आणि छापील कॅटलॉगमध्ये میخواهم तसंच जाणार. नीमफासलाही माणूस बसवून एकदाचा मुळात दुरुस्त करायला हवा.

रेघोट्या
माणूस बसवून करणार असाल तर माझा विरोध कशाला असेल? विरोध रेग्युलर एक्स्प्रेशनला होता. विसरण्याचं म्हणाल तर किल्लीचा रकाना डेटाबेसलाच काढायला लावा, हाताने भरायचाच नाही.

निशिगंध
ये, काफ, हे आणि ¬ मुळात बदलतोय, अरबी शीर्षकं वेगळी काढून. नीमफासला फक्त किल्लीत. पण एक राहिलं: अकारविल्हे यादीत ‘के’चे लेखक दोन ठिकाणी येतात, काही ل च्या आधी, काही पार शेवटाकडे. अक्षर बदललं की ते एकत्र येतील ना?

रेघोट्या
एकत्र येतील, पण सगळेच शेवटाकडे जाऊन. ک, گ, پ, چ, ژ आणि फारसी ی यांचे क्रमांक अरबी अक्षरांच्या नंतरचे आहेत, नुसत्या कोडक्रमाने लावलंत तर पे ب नंतर न येता पार खाली येईल. डेटाबेसला फारसी कोलेशन द्या.

तात्या_दुरुस्ते
आणि माणूस कधी बसवताय ते कळवा.