प्रतिसाद: दुसऱ्या वर्षाचा लपलेला दर

>"नाशिकरोडच्या शाखेत फलकावर एका वर्षाच्या ठेवीला ७ टक्के आणि दोन वर्षांच्या ठेवीला साडेसहा टक्के. जास्त काळ पैसे अडकवून व्याज कमी का?"

दोन वर्षांच्या दरात पहिल्या वर्षाचा ७ टक्के दर आधीच सामावलेला असतो, म्हणून दुसऱ्या वर्षाचा दर वेगळा काढून पाहावा. व्याज वार्षिक चक्रवाढीने धरले, तर १,००,००० रुपयांचे दोन वर्षांनी साडेसहा टक्क्यांनी १,१३,४२२ रुपये होतात आणि ७ टक्क्यांनी एका वर्षात १,०७,००० होतात. मधले ६,४२२ रुपये हे १,०७,००० वरचे साधारण ६ टक्के व्याज झाले. म्हणजे वर्षभराने दर एका टक्क्याने खाली येतील, असे बँक गृहीत धरते आहे. द्राक्षाचे पैसे एप्रिलमध्ये हाती येणाऱ्या बागायतदाराने स्वतःला इतकेच विचारावे, की पुढच्या एप्रिलमध्ये आपल्याला ६ टक्क्यांहून अधिक दर मिळेल का. मिळेल असे वाटत असेल, तरच एका वर्षाची ठेव सरस.

मात्र ठेवीच्या दरात त्या बँकेची पैशाची निकडही मिसळलेली असते. म्हणून दरांबाबतची अपेक्षा वाचायची, तर सरकारची ३६४ दिवसांची ट्रेझरी बिले आणि १० वर्षांचे सरकारी रोखे यांच्या परताव्यातील अंतर पाहणे मला अधिक विश्वासार्ह वाटते. तिथेही दीर्घ मुदतीच्या जोखमीचा मोबदला मिसळतोच, त्यामुळे मुदतीनुसार परतावा दाखवणारा वक्र किंचित चढता असला म्हणून दरवाढ अपेक्षित आहे, असे ठरत नाही. अल्प मुदतीचा परतावा दीर्घ मुदतीहून जास्त असलेला उलटा वक्र अधिक बोलका असतो, पण अमेरिकेत तो २०२२ च्या जुलैपासून सुमारे दोन वर्षे उलटा राहूनही त्या काळात मंदी आली नाही.